शिष्यवृत्तीची कायम ठेव: सव्वासात लाख पुरतील की पंचवीस लाख लागतील?

प्रश्न: "आमचे वडील तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. त्यांच्या नावाने दरवर्षी एका विद्यार्थ्याला ५०,००० रुपये द्यायचे, रक्कम दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवायची आणि हे कायम चालू ठेवायचं असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. व्याज ७ टक्के धरलंय. धाकट्या भावाच्या हिशेबाने ७ लाख १४ हजार पुरतात. मेव्हणे म्हणतात, २५ लाख लागतील. आमच्याकडे जमलेत १० लाख. कोणाचा आकडा खरा? आणि वाढ ७ टक्के धरली तर सूत्रात भागाकारच होत नाही, त्याचा अर्थ काय?"

मेव्हण्यांचा आकडा तुमच्या योजनेचा आहे. भावाचं गणित चुकलेलं नाही, पण ते वेगळ्या योजनेचं आहे. त्याने काढलंय ते दरवर्षी ठरावीक ५०,००० कायम देत राहण्याचं मूल्य. रक्कम वाढवायची म्हटली की सूत्र बदलतं.

रक्कम स्थिर असेल तर:

मूल्य = वार्षिक रक्कम ÷ व्याजदर

म्हणजे ५०,००० ÷ ०.०७ = ७,१४,२८६. एवढ्या मुद्दलावर ७ टक्क्यांनी वर्षाला बरोबर ५०,००० व्याज येतं. ते सगळं वाटून टाकायचं. मुद्दल जागच्या जागी राहतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढंच व्याज देतं. आपल्याकडच्या शाळांत "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" दिली जाणारी पारितोषिकं बहुतेक याच पद्धतीची असतात.

रक्कम दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढणार असेल तर:

मूल्य = पहिली रक्कम ÷ (व्याजदर − वाढीचा दर)

म्हणजे ५०,००० ÷ (०.०७ − ०.०५) = २५,००,०००. भाजक ७ वरून २ वर आला, म्हणून मूल्य साडेतीन पट झालं. हे सूत्र पाठ करण्यापेक्षा पहिली दोन वर्षं हाताने मांडून पाहा, म्हणजे ते असं का आहे ते दिसेल. २५ लाखांवर पहिल्या वर्षी १,७५,००० व्याज आलं. त्यातले ५०,००० विद्यार्थ्याला दिले आणि उरलेले १,२५,००० मुद्दलात टाकले. मुद्दल झालं २६,२५,०००, म्हणजे बरोबर ५ टक्क्यांनी जास्त. दुसऱ्या वर्षी व्याज १,८३,७५०, शिष्यवृत्ती ५२,५००, आणि मागे टाकले १,३१,२५०. मुद्दल २७,५६,२५०, पुन्हा ५ टक्के वाढ. देणं ५ टक्क्यांनी वाढतंय, तर ते देणारं मुद्दलही ५ टक्क्यांनी वाढायला हवं. सूत्रातली वजाबाकी एवढंच सांगते: सात टक्क्यांतले पाच मुद्दल वाढवायला मागे ठेवा आणि फक्त दोन वाटा.

आता भावाच्या ७ लाख १४ हजारांतून वाढती रक्कम द्यायला गेलात तर काय होईल ते पाहू. पहिलं वर्ष बिनघोर जातं. दुसऱ्या वर्षी व्याज ५०,००० आणि देणं ५२,५००, म्हणून मुद्दलातून अडीच हजार जातात. त्या वर्षी कोणाच्या लक्षातही येत नाही. पण मुद्दल कमी झालं की व्याज कमी होतं, देणं मात्र वाढतच राहतं, आणि दोन्हींमधली दरी दरवर्षी रुंदावते. सतरा वर्षं पूर्ण रक्कम देता येते, अठराव्या वर्षी पूर्ण देण्याइतके पैसे उरलेले नसतात. म्हणजे "कायम" म्हणून सुरू केलेली शिष्यवृत्ती अठरा वर्षांत संपते.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण सूत्राची मर्यादा त्यात आहे. व्याज ७ आणि वाढही ७ धरली तर भाजक शून्य होतो. याचा अर्थ असा की पहिल्या वर्षीच्या ५०,००० साठी आज ४६,७२९ रुपये बाजूला ठेवावे लागतात. दुसऱ्या वर्षीची रक्कम ७ टक्क्यांनी वाढली, पण पैसे वाढायला एक वर्ष जास्त मिळालं, तेही ७ टक्क्यांनी. दोन्ही एकमेकांना कापतात आणि त्या वर्षासाठीही आज ४६,७२९ च लागतात. पन्नासाव्या वर्षासाठी तेवढेच, पाचशेव्या वर्षासाठीही तेवढेच. शंभर वर्षांसाठी पावणेसत्तेचाळीस लाखांच्या आसपास लागतील आणि पुढचं प्रत्येक वर्ष त्यात ४६,७२९ ची भर घालत राहील. बेरीज कुठे थांबतच नाही. कितीही मोठं मुद्दल दिलं तरी अशी योजना कधीतरी संपणारच. वाढ व्याजापेक्षा जास्त धरली तर सूत्र उणे आकडा देतं. तो आकडा निरर्थक आहे, कारण व्याजदर वाढीपेक्षा जास्त असेल तरच हे सूत्र लागू होतं. कोणी उणे मूल्य दाखवलं तर सूत्र नसत्या ठिकाणी वापरलंय हे ओळखा.

खरा धोका मात्र शून्याच्या आसपास नाही, तुमच्याच आकड्यांत आहे. भाजक हा दोन अंदाजांमधला फरक आहे आणि तो लहान आहे. व्याज ७ ऐवजी साडेसात टक्के मिळालं तर २० लाख पुरतात. साडेसहा मिळालं तर ३३ लाख ३३ हजार लागतात. सहा मिळालं तर ५० लाख. व्याजाच्या अंदाजात एक टक्क्याची चूक झाली की लागणारं मुद्दल दुप्पट होतं. भावाच्या स्थिर रकमेच्या हिशेबात तीच चूक झाली तर ७ लाख १४ हजारांचे ८ लाख ३३ हजार होतात, एवढंच. म्हणून वाढत्या शिष्यवृत्तीचं मूल्य काढताना मी व्याज किती आणि वाढ किती यांवर वेगवेगळा वाद घालत बसत नाही. दोन्हींमधला फरक किती टिकेल, हा एकच प्रश्न विचारतो. व्याजदर चढतात तेव्हा बहुतेक वेळा महागाईही चढलेली असते, त्यामुळे दोन आकडे वेगवेगळे धरण्यापेक्षा फरक धरणं जास्त भरवशाचं ठरतं.

तुमचा दोन टक्के फरक कितपत विश्वासाचा आहे? रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून महागाईचं लक्ष्य ४ टक्के दिलेलं आहे, खालीवर दोन टक्क्यांची मुभा धरून. त्या हिशेबाने ५ टक्के वाढ ही शिष्यवृत्तीची खरी किंमत टिकवणारी, थोडी उदार वाढ आहे. सात टक्के व्याज कायम मिळेल हे गृहीतक मात्र तपासायला हवं. २०१४ च्या आसपास बँकेच्या ठेवींवर नऊ टक्के मिळत होते. २०२०-२१ मध्ये मोठ्या सरकारी बँकांच्या पाच वर्षांच्या ठेवींवर साडेपाचच्या आसपास मिळत होते. आजचा ठेवीचा दर हा आजच्या ठेवीचाच असतो. ती मुदत संपली की मुद्दल त्या वेळच्या दराने पुन्हा गुंतवावं लागतं, आणि "कायम" या शब्दात अशा पुनर्गुंतवणुकी किती येतील याला अंतच नाही. शिवाय संस्थेने व्यवस्थापनाचा खर्च म्हणून अर्धा टक्का कापला तर ७ चे साडेसहा होतात आणि वर पाहिलंत तसे ३३ लाख लागतात. सूत्रात घालायचा दर हा सगळे खर्च वजा जाऊन निधीच्या हातात पडणारा दर असतो, जाहिरातीतला नाही.

अंशातली रक्कम कोणती घ्यायची यातही चुका होतात. सूत्र पहिल्या देण्याच्या बरोबर एक वर्ष आधीचं मूल्य सांगतं. आज २५ लाख दिले आणि पहिले ५०,००० पुढच्या वर्षी दिले तर हिशेब जुळतो. पहिला विद्यार्थी याच वर्षी, आजच हवा असेल तर २६ लाख ७५ हजार लागतील: त्यातले ५० हजार लगेच गेले की २६ लाख २५ हजार उरतात, आणि ते पुढच्या वर्षीच्या ५२,५०० साठी बरोबर पुरतात. उलट पहिले ५०,००० तीन वर्षांनी द्यायचे ठरवलंत तर २५ लाख हे दोन वर्षांनंतरचं मूल्य झालं. आज २१ लाख ८४ हजार पुरतील. आणि "आजच्या किमतीचे ५०,०००" पुढच्या वर्षीपासून द्यायचे असतील तर अंशात ५२,५०० घ्यायचे. यातलं नेमकं काय ठरलंय ते भावंडांनी एका ओळीत लिहून ठेवावं. नाहीतर दोघांची उत्तरं वेगळी येतात आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं.

"कायम" हा शब्द या दोन योजनांत किती वेगळं वजन धरतो, तेही सांगतो. स्थिर रकमेच्या योजनेत ७ टक्क्यांनी पहिल्या वीस वर्षांची देणी एकूण मूल्याच्या ७४ टक्के असतात आणि पहिल्या पन्नास वर्षांची जवळजवळ ९७ टक्के. पन्नास वर्षांनंतरची सगळी वर्षं मिळून तीन-साडेतीन टक्क्यांची आहेत. तिथे "कायम" म्हणणं फार महाग पडत नाही. तुमच्या वाढत्या योजनेत मात्र पहिल्या वीस वर्षांची देणी फक्त ३१ टक्के, पन्नास वर्षांची ६१ टक्के. पंचवीस लाखांतले पावणेदहा लाख पन्नास वर्षांनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. तेव्हा कॉलेज कोणत्या रूपात असेल, व्याज काय असेल, हे आज कोणालाच सांगता येत नाही, आणि सूत्रातला सर्वांत कच्चा भागही तोच आहे.

स्थिर रक्कम कायम देत राहण्याचं काय होतं याचं एक टोकाचं उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. लेक नदीच्या बांधाची देखभाल करणाऱ्या लेकडाइक बोव्हनडॅम्स या जलमंडळाने १६४८ मध्ये १,००० गिल्डरचा एक कायमस्वरूपी रोखा काढला. मूळ व्याज ५ टक्के होतं, ते पुढे कमी होत अडीच टक्क्यांवर आलं. तो रोखा आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाकडे आहे आणि अजूनही व्याज देतो. २०१५ मध्ये बारा वर्षांचं थकलेलं व्याज एकदम मिळालं, ते होतं १३६ युरो २० सेंट, म्हणजे वर्षाला साडेअकरा युरोंहूनही कमी. करार साडेतीनशेहून जास्त वर्षं पाळला गेला. मिळणारी रक्कम मात्र किरकोळ होऊन बसली. महागाईत स्थिर रकमेचं हेच होतं, म्हणून तुमचा रक्कम वाढवायचा विचार योग्य आहे. तो महाग आहे, इतकंच.

वाढती रक्कम द्यायचा प्रयत्न करणारा जगातला सर्वांत प्रसिद्ध निधी नोबेलचा. आल्फ्रेड नोबेलने मागे सुमारे ३ कोटी १० लाख स्वीडिश क्रोनर ठेवले आणि ते सुरक्षित रोख्यांत गुंतवावेत असं मृत्युपत्रात लिहिलं. १९०१ मध्ये प्रत्येक पारितोषिक १,५०,७८२ क्रोनरचं होतं. १९२३ मध्ये ते १,१४,९३५ पर्यंत घसरलं, कर आणि महागाई यांनी मुद्दलाची ताकद खाल्ली. १९४६ मध्ये करमाफी मिळाली, १९५३ मध्ये शेअर्समध्ये गुंतवायची परवानगी मिळाली, आणि तरी पारितोषिकाची खरी किंमत १९०१ च्या पातळीवर परत यायला १९९१ साल उजाडलं. २०१२ मध्ये पुन्हा निधीचं मुद्दल सांभाळण्यासाठी पारितोषिक १ कोटी क्रोनरवरून ८० लाखांवर आणावं लागलं. २०२३ मध्ये ते १ कोटी १० लाख झालं. फरक कमी पडला की देणं कमी करायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. म्हणूनच तो निधी आज आहे.

तुमच्या शिष्यवृत्तीतही "दरवर्षी ५ टक्के वाढवू" असं वचन करारात लिहू नका, असं माझं ठाम मत आहे. सूत्र उलटं वाचा: पहिली रक्कम = मुद्दल × फरक. याचा अर्थ दरवर्षी मुद्दलाचे दोन टक्के द्यायचे. व्याज चांगलं आलं तर मुद्दल वाढेल आणि शिष्यवृत्तीही वाढेल. वाईट आलं तर दोन्ही थबकतील, पण निधी कधीच संपणार नाही. ठरलेल्या वाढीचं वचन दिलं आणि सुरुवातीलाच फटका बसला तर काय होतं ते पाहा. समजा, काही पैसे शेअर बाजाराशी जोडलेल्या योजनेत आहेत आणि पहिल्याच वर्षी २५ लाखांचे २० लाख झाले. शिष्यवृत्तीचे ५० हजार गेले, उरले साडेएकोणीस. पुढच्या वर्षी वचनाप्रमाणे ५२,५०० द्यायचे तर फरक २ नव्हे, जवळजवळ २.७ टक्के हवा. म्हणजे इथून पुढे कायम ७ ऐवजी ७.७ टक्के कमवावे लागतील. ते जमलं नाही तर निधीची उतरंड पहिल्याच वर्षी सुरू झालेली असते. सरासरी परतावा चांगला असूनही पहिल्या चार-पाच वर्षांतली घसरण असे निधी बुडवते.

करारात मी सुचवेन तो मजकूर असा: "या निधीच्या मागील तीन वर्षांच्या ३१ मार्चच्या शिलकेची सरासरी काढून तिच्या २.१ टक्के रक्कम दरवर्षी शिष्यवृत्ती म्हणून द्यावी. उरलेले सर्व उत्पन्न याच निधीच्या मुद्दलात जमा करावे, ते अन्य कोणत्याही कामासाठी वापरू नये." तीन वर्षांची सरासरी घेतल्याने एखाद्या वाईट वर्षाचा झटका विद्यार्थ्याला एकदम बसत नाही. पण निधी ५ टक्क्यांनी वाढत असेल तर ही सरासरी ताज्या शिलकेपेक्षा पावणेपाच टक्क्यांनी कमी येते, म्हणून २ ऐवजी २.१ लिहायचे. पहिल्या दोन वर्षांत जेवढ्या शिलका उपलब्ध असतील तेवढ्यांची सरासरी घ्यावी, हेही लिहून टाका.

आता हे प्रत्यक्षात कुठे अडतं ते सांगतो, कारण ट्रस्टांच्या हिशेबतपासणीत मला सर्वांत जास्त वेळा दिसते ती अडचण सूत्रात नसून नोंदीत असते. पहिल्या वर्षीच्या १,७५,००० व्याजातले १,२५,००० मागे ठेवायचे आहेत, म्हणजे व्याजाचे ७१ टक्के. धर्मादाय ट्रस्टला आयकरातली सूट टिकवायची तर साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते, आणि स्वतःच्याच मुद्दलात टाकलेली रक्कम खर्च म्हणून धरली जात नाही. तुम्ही फक्त या शिष्यवृत्तीसाठी नवा ट्रस्ट काढलात तर हा नियम तुमच्या योजनेच्या थेट आड येतो. शिवाय नोंदणी, हिशेबतपासणी आणि विवरणपत्र यांचा खर्च अशा छोट्या ट्रस्टला दरवर्षी बोचतो. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेला देणगी दिलीत तर सोपं जातं, कारण ८५ टक्क्यांचा हिशेब संस्थेच्या एकूण उत्पन्नावर होतो, एकेका निधीवर नाही, आणि संस्थेचा पगार, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांवरचा खर्च त्यात मोजला जातो. देणगी मात्र "कायम निधीसाठी" अशा लेखी पत्रासह द्या.

संस्थेला दिल्यावर दुसरी अडचण सुरू होते. संस्थेच्या ताळेबंदात निधी २५ लाखांनाच गोठतो, सगळं व्याज सर्वसाधारण उत्पन्नात जातं आणि त्यातून ५०,००० दिले जातात. मागे टाकायचे १,२५,००० कुठेतरी रंगकामात किंवा वीजबिलात जातात. कोणी लबाडी केलेली नसते, कारकुनाला नोंद कशी करायची ते कोणी सांगितलेलंच नसतं. ओळखायचं कसं? ताळेबंदाच्या परिशिष्टात "कायम निधी" या शीर्षाखाली तुमच्या निधीची ओळ सलग दोन वर्षं पाहा. आकडा तसाच असेल तर तुमची वाढती शिष्यवृत्ती स्थिर झालेली आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

तिसरी अडचण उशिरा येते आणि ती जास्त फसवी असते. सगळं नीट चाललं तर वीस वर्षांनी मुद्दल ६६ लाख ३३ हजार होईल आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती १,३२,६६५. तेव्हाचा एखादा विश्वस्त म्हणेल, "सहासष्ट लाख पडून आहेत आणि आपण सव्वा-दीड लाखच देतोय? पाच विद्यार्थ्यांना देऊ की." त्याला हे दाखवता यायला हवं की महागाई ५ टक्क्यांनी वाढली असेल तर ते ६६ लाख म्हणजे आजचेच २५ लाख आहेत, एक रुपयाही जास्त नाही. म्हणून करारासोबत पुढच्या वीस वर्षांचा तक्ता जोडा. एक्सेलमध्ये तो पाच मिनिटांत होतो. दुसऱ्या ओळीत `B2` मध्ये मुद्दल आणि `C2` मध्ये शिष्यवृत्ती घाला, तिसऱ्या ओळीत ही दोन सूत्रं टाका आणि खाली ओढा:

```
B3: =B2*(1+0.07)-C2
C3: =C2*(1+0.05)
```

२५,००,००० आणि ५०,००० घालून पाहा, मग मुद्दलाच्या जागी ७,१४,२८६ घाला. दुसऱ्या वेळी विसाव्या वर्षाच्या आधीच मुद्दल उणे झालेलं दिसेल. भावाला समजवायला हा तक्ता सूत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

गुंतवणूक कुठे करायची याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांना पैसे कुठे ठेवता येतात हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३५ मध्ये ठरलेलं आहे: बँका, टपाल खातं, सरकारी रोखे. यापलीकडच्या गुंतवणुकीला धर्मादाय आयुक्तांची सर्वसाधारण किंवा विशेष आदेशाने दिलेली परवानगी लागते. त्यामुळे म्युच्युअल फंडात जास्त परतावा मिळेल असं धरून फरक ४ टक्के मानायचा असेल तर आधी संस्थेला तशी परवानगी लागू आहे का ते विचारा. परवानगी नसेल तर हिशेब ठेवी आणि रोख्यांच्याच दराने करायचा, आणि तिथे दोन टक्के फरकसुद्धा दीर्घकाळ टिकवणं सोपं नाही.

राहिला प्रश्न तुमच्या १० लाखांचा. त्यातून चार वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात. वाढ सोडून दिलीत तर दरवर्षी ७०,००० कायम देता येतील, पण तीस वर्षांनी त्या सत्तर हजारांना आज सोळा-सतरा हजारांना जेवढी किंमत आहे तेवढीच उरेल. सुरुवात ५०,००० नेच करायची तर ते मुद्दलाचे ५ टक्के झाले, म्हणजे वाढीसाठी फक्त २ टक्के उरतात आणि शिष्यवृत्ती महागाईच्या मागे पडत जाते. कायमचा हट्ट सोडून ५०,००० ला ५ टक्के वाढ ठेवलीत तर १० लाख सत्तावीस वर्षं पुरतात. आणि वाढही हवी, कायमही हवं, तर सुरुवात २०,००० ने करावी लागते.

तुमच्या जागी मी शेवटच्या दोनांपैकीच एक निवडेन. सत्तावीस वर्षांत सत्तावीस विद्यार्थ्यांना आजच्या पन्नास हजारांइतकी खरी मदत मिळते, आणि मुदत जाहीर केलेली असल्याने कोणाची फसगत होत नाही. पण वडिलांचं नाव कायम राहावं ही भावंडांची इच्छा असेल, आणि तुमच्या प्रश्नावरून ती तशी दिसते, तर १० लाखांचा निधी २ टक्क्यांच्या नियमाने सुरू करा. त्यातून २०,००० येतील, वरचे ३०,००० सध्या भावंडांनी दरवर्षी रोख भरावेत आणि जसे जमतील तसे मुद्दलात पैसे टाकत जावेत. दोन टक्के फरकाने मुद्दलात टाकलेला प्रत्येक लाख शिष्यवृत्तीत कायमचे २,००० वाढवतो, आजच्या किमतीत. भावंडांचं दरवर्षीचं ३०,००० चं ओझं उतरवायला आणखी १५ लाख लागतील, आणि ते एकदम भरायची गरज नाही.

धनादेश द्यायच्या आधी संस्थेच्या लेखा विभागाकडून दोन गोष्टी लेखी घ्या: निधीच्या उत्पन्नातला न वाटलेला भाग त्याच निधीत जमा होईल याचा व्यवस्थापन समितीचा ठराव, आणि दरवर्षी ताळेबंदाच्या परिशिष्टातलं तुमच्या निधीचं पान तुम्हाला पाठवण्याची कबुली. पहिलं पान आलं की त्यातली मुद्दलाची वाढ तुमच्या तक्त्यातल्या आकड्याशी लावून पाहा.